साठ सेकंदांचा लाल दिवा आणि दोन हिशेब

प्रश्न : आमच्याकडे 1200 सीसीची पेट्रोल गाडी आहे. मोठा सिग्नल लागला की मी इंजिन बंद करते. शेजारी बसलेले सासरे लगेच म्हणतात, "अगं, पुन्हा चालू करताना जेवढं पेट्रोल जातं, तेवढ्यात दोन मिनिटं गाडी चालू राहिली असती. शिवाय बॅटरीची वाट लागते ती वेगळीच." माझा मुलगा म्हणतो की दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर बंदच करावी, असं अमेरिकेतल्या संशोधनात सिद्ध झालंय. यांतलं खरं कोणाचं? आणि बंद करायची तर नेमकी किती सेकंदांच्या सिग्नलला?
– एक वाचिका, कोथरूड, पुणे

उत्तर : तुमचे चिरंजीव पेट्रोलबद्दल बोलताहेत आणि ते बरोबर आहेत. सासरे पेट्रोलच्या बाबतीत चुकताहेत, पण बॅटरीचा मुद्दा त्यांनी उगाच काढलेला नाही. दोघांचे बोलणे एकत्र केले तरच तुम्हाला हवा तो आकडा मिळतो. म्हणून आधी पेट्रोलचा हिशेब करू, मग पैशांचा.

गाडी उभी असते तेव्हाही इंजिनाला स्वतःचे घर्षण सोसायचे असते, हवा आत ओढायची असते, पाण्याचा पंप आणि अल्टरनेटर फिरवायचा असतो. हे सगळे करत मिनिटाला साधारण 750 ते 800 फेऱ्या टिकवून ठेवायला तुमच्यासारख्या गाडीला तासाला पाऊण लिटरच्या आसपास पेट्रोल लागते, तेही एसी बंद असताना. सोयीसाठी तासाला 720 मिलिलिटर धरू, कारण मग सेकंदाला बरोबर 0.2 मिलिलिटर होते. पेट्रोल 100 रुपये लिटर धरले तर उभ्या गाडीचा प्रत्येक सेकंद दोन पैशांना पडतो. पुण्यात पेट्रोल याहून थोडे महाग आहे, पण तोंडी हिशेबाला हा भाव बरा.

आता इंजिन पुन्हा सुरू करण्याचा खर्च पाहू. गरम इंजिन पाऊण ते एक सेकंदात सुरू होते. तेवढ्या वेळात गाडीतला छोटा संगणक पेट्रोल थोडे सढळ हाताने सोडतो, इंजिन क्षणभर हजार-बाराशे फेऱ्यांपर्यंत उडी घेते आणि मग नेहमीच्या लयीत येते. हे जादाचे पेट्रोल भरते एक ते दोन मिलिलिटर. आपण सासऱ्यांना झुकते माप देऊन दोन धरू. दोन मिलिलिटर म्हणजे नुसते उभे राहण्याचे दहा सेकंद. अमेरिकेतल्या आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेने मोटारींवर केलेल्या मोजमापातही हेच निघाले : दहा सेकंदांहून जास्त वेळ इंजिन नुसते चालू ठेवले तर ते बंद करून पुन्हा सुरू करण्यापेक्षा जास्त पेट्रोल जाते. तुमच्या मुलाने ऐकले आहे ते बहुधा हेच.

आता सेल्फ मारताना बॅटरीतून जी वीज जाते, तीही शेवटी पेट्रोलमधूनच भरून काढावी लागते, ही शंका रास्त आहे. तीही फेडून टाकू. स्टार्टर मोटर दीड किलोवॅटच्या आसपास वीज ओढते, पण ओढते ती सेकंदभरसुद्धा नाही. म्हणजे एका वेळेला सुमारे एक किलोज्यूल ऊर्जा गेली. ती परत भरताना इंजिनात आणि अल्टरनेटरमध्ये मिळून बराच भाग वाया जातो, म्हणून पेट्रोलच्या रूपात सातपट मोजावी लागते असे समजा. एका मिलिलिटर पेट्रोलमध्ये जवळजवळ 32 किलोज्यूल ऊर्जा असते. म्हणजे कर्ज फिटायला पाव मिलिलिटरही लागत नाही; नुसते उभे राहण्याचा एक सेकंद झाला. वरच्या दोन मिलिलिटरमध्ये हेही बसून जाते.

मग "चालू करताना जास्त पेट्रोल जातं" हा समज इतका घट्ट का बसला? कारण एके काळी ते बऱ्याच अंशी खरे होते. जुन्या प्रीमियर पद्मिनीला किंवा स्कूटरला कार्ब्युरेटर असायचा. हवेच्या ओढीने पेट्रोल आपोआप खेचले जायचे, आणि किती खेचले जावे याचे नियंत्रण अगदी ढोबळ होते. सकाळी चोक ओढायचा, अॅक्सिलरेटर दोन-तीनदा दाबायचा, त्यातून न जळलेले पेट्रोल सिलिंडरमध्ये साचायचे, इंजिन "फ्लड" व्हायचे आणि मग सेल्फ मारून मारून बॅटरी दमायची. ज्यांनी अशी गाडी भर चौकात ढकलली आहे, त्यांनी सिग्नलला इंजिन बंद करू नये असे म्हटले तर त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. हल्लीच्या मोटारींत मात्र इंजेक्टर असतात. इंजिनाचे तापमान, आत येणारी हवा आणि धुरात उरलेला ऑक्सिजन मोजून संगणक तोलून पेट्रोल सोडतो. 1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज सहा लागू झाल्यावर नव्या दुचाकींतही हीच पद्धत आली. एक जुनी सवय तेवढी राहिली आहे : गाडी सुरू करताना अॅक्सिलरेटर दाबणे. इंजेक्शनच्या गाडीला त्याची गरज नसते. पाय तिथे ठेवलात तर इंजिन दोन हजार फेऱ्यांवर भुर्र करते, आणि वाचवायला निघालेले पेट्रोल तिथेच खर्ची पडते.

पेट्रोलचा प्रश्न इथे मिटला : दहा सेकंद. पण म्हणून दहा सेकंदांच्या प्रत्येक थांब्याला किल्ली फिरवायची का? इथे सासऱ्यांचा बॅटरीचा मुद्दा येतो.

स्टार्टर मोटरमध्ये कार्बनचे ब्रश असतात, ते झिजतात. तिचे छोटे दातेरी चाक प्रत्येक वेळी पुढे सरकून इंजिनाच्या मोठ्या चाकात अडकते, त्यालाही झीज आहे. साध्या गाडीतला स्टार्टर काही दशसहस्र वेळा गाडी सुरू करू शकतो. आपण 30,000 धरू आणि तो बदलायला 6,000 रुपये लागतील असे मानू. म्हणजे एका वेळचे 20 पैसे. बॅटरीचे गणित जरा अंदाजाचे आहे. 5,000 रुपयांची, चार वर्षे चालणारी बॅटरी या सवयीमुळे तीनच वर्षे टिकली, असे वाईटात वाईट धरले तर 1,250 रुपयांचे नुकसान झाले. दिवसाला दहा याप्रमाणे तीन वर्षांत साधारण 9,000 वेळा सेल्फ मारला गेला, तर एका वेळचे 14 पैसे. स्टार्टर आणि बॅटरी मिळून 34 पैसे. सेकंदाला दोन पैसे या दराने ते 17 सेकंद झाले. त्यात पेट्रोलचे दहा मिळवा : 27.

म्हणजे बरोबरीचे बिंदू दोन आहेत. पेट्रोलची टाकी दहा सेकंदांनंतर फायद्यात येते, तुमचा खिसा अर्ध्या मिनिटानंतर. यातले आकडे माझे, अंदाजाने धरलेले आहेत. तुमच्या गॅरेजवाल्याने स्टार्टर स्वस्तात दुरुस्त करून दिला, नुसते ब्रश बदलून दिले, तर हा बिंदू 20 सेकंदांवर येईल. बॅटरी महागडी असेल तर 35-40 वर जाईल. कॅनडाच्या नैसर्गिक संसाधन खात्याने झीज धरूनच 60 सेकंदांचा सल्ला लोकांना दिला होता. ते फारच सावध झाले असे मला वाटते, पण दहाचा आणि साठचा आकडा एकमेकांना खोडत नाहीत. एकात झीज धरलेली नाही, दुसऱ्यात सढळपणे धरली आहे, एवढाच फरक.

झीज हिशेबात आली की आणखी एक गोष्ट लक्षात येते. समजा तुमच्या रोजच्या वाटेवर तुम्ही एकूण 400 सेकंद इंजिन बंद ठेवता. ही बंदी दहा थांब्यांवर 40-40 सेकंदांची असेल तर आठ रुपयांचे पेट्रोल वाचले, पण दहा वेळा सुरू करण्याचे प्रत्येकी 54 पैसे, म्हणजे पाच रुपये चाळीस पैसे गेले. हाती उरले दोन रुपये साठ पैसे. तेच 400 सेकंद पाच मोठ्या सिग्नलवर 80-80 असे असतील, तर वाचले तितकेच आठ, पण खर्च दोन रुपये सत्तर पैसे. उरले पाच रुपये तीस पैसे. बंद वेळ तेवढाच, फायदा दुप्पट. वर्षाला 300 दिवस गाडी चालवली तर पहिल्या रीतीने 780 रुपये आणि दुसऱ्या रीतीने 1,590 रुपये. तेव्हा प्रत्येक लाल दिव्याला बंद करण्यापेक्षा आपल्या वाटेवरचे चार-पाच लांब सिग्नल हेरून ठेवावेत. रोज जाणाऱ्याला ते पाठच असतात.

मात्र "सिग्नल 90 सेकंदांचा आहे" ही माहिती तुमच्या कामाची नाही. तुम्ही पोचलात तेव्हा किती उरले आहेत, ते महत्त्वाचे. आकडे दाखवणारा दिवा असेल तर सोपे. तुम्ही थांबलात तेव्हा 65 दिसत असतील आणि पाच सेकंद उरताना तुम्ही गाडी सुरू करणार असाल, तर बंद काळ 60 सेकंदांचा. 12 मिलिलिटर वाचले, त्यातले दोन सुरू करण्यात गेले, पेट्रोलचा निव्वळ लाभ दहा मिलिलिटर, म्हणजे एक रुपया. झीज वजा केली तर 66 पैसे. रांगेत मागे असाल तर आणखी थोडी सवड मिळते, कारण दिवा हिरवा झाला तरी दहाव्या रांगेतली गाडी लगेच हलत नाही. पुढच्या एकेक करून सुटतात. तुमच्या पुढची दुसरी गाडी हलली की सुरू करा. आकडे नसलेल्या सिग्नलला आडव्या रस्त्याची वाहतूक पाहा. ती नुकतीच सुटली असेल तर निवांत बंद करा. ती विरळ होऊ लागली असेल तर राहू द्या. आणि जिथे वाहतूक पोलीस हाताने सिग्नल चालवतात, तिथे कुठलेच गणित लागू पडत नाही.

एक गफलत मात्र बरेच जण करतात. रांग दर वीस सेकंदांनी गाडीभर पुढे सरकत असते, आणि हे प्रत्येक वेळी बंद-चालू करत बसतात. प्रत्येक थांबा 27 सेकंदांच्या आतला, म्हणजे पेट्रोल थोडे वाचले तरी पैशांत तोटाच. शिवाय अल्टरनेटरला बॅटरी भरायला मधे वेळच मिळत नाही, आणि मग बॅटरी खरोखरच लवकर जाते. गाडी पूर्ण थांबून रांग गोठली असेल, तरच किल्लीला हात लावावा.

बॅटरीचा आणखी एक गुपचूप खर्च आहे. तो सेल्फचा नसून इंजिन बंद असताना चालू राहणाऱ्या वस्तूंचा आहे. किल्ली अर्धी फिरवून ठेवली की पंखा, गाणी, रात्री दिवे हे सगळे बॅटरीवर चालते. 180 वॅटचा हा भार मिनिटभर चालला तर सुमारे 11 किलोज्यूल वीज जाते, म्हणजे सेल्फच्या दहापट. ती परत भरायला दोन ते अडीच मिलिलिटर पेट्रोल पडेल. बारा वाचले त्यातले दोन-अडीच असे गळून जातात. पंखा कमी केला तरी बराच फरक पडतो. रात्री हेडलाइट कमी करता येतील, पण मागचे लाल दिवे चालू राहायलाच हवेत. तिथे काटकसर नको.

एसीचे काय, हे तुम्ही विचारले नाही, पण एप्रिल-मेमध्ये हा प्रश्न पडेलच. एसी चालू असताना उभ्या गाडीचा खर्च तासाला एक लिटरच्या वर जातो, म्हणजे बंद केल्याचा फायदा कागदावर वाढतो. पण इंजिन बंद झाले की साध्या गाडीत एसीचा कॉम्प्रेसरही थांबतो, नुसता पंखा फिरतो, आणि दीड मिनिटात आत उकाडा होतो. सुरू केल्यावर कॉम्प्रेसर तो उकाडा उपसायला जोर लावतो आणि वाचलेल्यातले काही पेट्रोल परत घेतो. दुपारच्या उन्हात, शेजारी सासरे बसलेले असताना, मी तरी हा प्रयोग करणार नाही. सकाळी-संध्याकाळी खुशाल करा.

काही वेळा मात्र इंजिन चालूच ठेवावे. घरातून निघाल्यावरच्या पहिल्याच सिग्नलला इंजिन थंड असते. तेव्हा संगणक पेट्रोल जास्त सोडतो, कारण थंड भिंतींवर त्यातले काही चिकटून राहते, आणि दर वेळी सुरू करणे महाग पडते. धूर स्वच्छ करणारा सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही तापल्याशिवाय काम करत नाही. एकदा तापला की मिनिट-दीड मिनिटाच्या बंदीने तो निवत नाही, त्यामुळे "बंद-चालू केल्याने प्रदूषण वाढतं" ही भीती गरम गाडीला लागू नाही. सेल्फ मारताना आवाज ओढल्यासारखा येत असेल, दिवे मंद होत असतील, तर बॅटरी आधीच थकलेली आहे. अशा गाडीने चौकात दगा दिला तर मागच्यांच्या हॉर्नची किंमत कुठल्याच हिशेबात बसणार नाही. आणि चढावर किंवा उतारावर थांबला असाल तर राहू द्या. ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम इंजिनाकडून येतो. इंजिन बंद झाल्यावर दोन-तीनदा ब्रेक दाबेपर्यंत तो पुरतो, पुढे पेडल दगडासारखे कडक होते. म्हणून सपाट रस्त्यावरसुद्धा आधी गाडी पूर्ण थांबवायची, न्यूट्रल करायची, हँडब्रेक ओढायचा, आणि मगच किल्ली. सिग्नलपर्यंत घरंगळत जाताना इंजिन बंद करणे तर कधीच नको. त्यात ब्रेक जड होतोच, स्टिअरिंगही जड होते.

बरे, घरंगळताना बंद करून काही वाचतही नाही. लांबून लाल दिवा दिसला की गाडी गिअरमध्येच ठेवून अॅक्सिलरेटरवरून पाय काढा. इंजेक्शनच्या गाडीत अशा वेळी संगणक पेट्रोल पूर्ण बंद करतो आणि चाकेच इंजिनाला फिरवत राहतात. वेग अगदी कमी झाला की पेट्रोल पुन्हा सुरू होते, तेव्हा क्लच दाबायचा. पुष्कळ लोक पेट्रोल वाचावे म्हणून इथे न्यूट्रल करतात, आणि त्यामुळेच ते जळत राहते.

मुलाकडे दुचाकी असेल तर त्याच्यासाठी वेगळा आकडा. 110 सीसीची स्कूटर उभी असताना मोटारीच्या साधारण चौथ्या हिश्श्याएवढे पेट्रोल खाते. मिनिटभर बंद ठेवली तर तीनेक मिलिलिटर, म्हणजे 30 पैसे. पण ती सुरू करायलाही त्याच प्रमाणात कमी लागते, त्यामुळे पेट्रोलचा बिंदू तिथेही दहा सेकंदांच्या आतबाहेरच राहतो. हिरोच्या काही मोटरसायकलींत आय-थ्री-एस नावाची सोय आहे. गाडी न्यूट्रलमध्ये पाच सेकंद उभी राहिली की इंजिन आपोआप बंद होते आणि क्लच दाबला की सुरू. पाच सेकंद हे आपल्या हिशेबाला फारच घाईचे वाटेल, पण कंपनीने स्टार्टर आणि बॅटरी त्या कामासाठी निवडलेली असते.

हाच नियम आपोआप बंद होणाऱ्या मोटारींना. मारुतीच्या स्मार्ट हायब्रिड गाड्यांत अल्टरनेटरच स्टार्टरचेही काम पट्ट्यावरून करतो, त्यामुळे दातेरी चाके अडकण्याची झीज नाही. ज्या गाड्यांत साधाच स्टार्टर असतो तिथे तो अधिक दणकट आणि बॅटरी वारंवार थोडी थोडी रिकामी होण्याला टिकणारी बसवतात. त्यांच्यापुरता झिजेचा हिशेब जवळजवळ शून्यावर येतो आणि दहा सेकंदच खरे. अशा गाडीची बॅटरी बदलताना दुकानदाराने स्वस्तातली साधी बॅटरी सुचवली तर घेऊ नका. ती तिथे वर्षभरातच मान टाकू शकते. आणि अशी गाडी एखाद्या सिग्नलला बंद झाली नाही तर ती बिघडलेली नसते. इंजिन अजून थंड आहे, बॅटरी कमी भरली आहे किंवा एसीला गारवा टिकवायचा आहे, यांपैकी एखाद्या कारणाने संगणकानेच ठरवलेले असते की आता नको.

तुमची गाडी साधी आहे असे धरून, सासऱ्यांना दाखवायला पडताळा हवा असेल तर टाकी फुल करून अॅव्हरेज काढण्याच्या भानगडीत पडू नका. वाहतूक, एसी, टायरची हवा यांनीच अॅव्हरेजमध्ये इतका चढउतार होतो की हा फरक त्यात बुडून जाईल. त्याऐवजी गाडीच्या निदान-सॉकेटमध्ये बसणारा छोटा स्कॅनर घ्या. गाडी ती माहिती पुरवत असेल तर मोबाइलवर तासाला किती पेट्रोल जाते ते दिसते. इंजिन गरम असताना, एसी बंद ठेवून, गाडी उभी करून आकडा पाहा. तो 0.7 लिटरऐवजी 0.9 आला तर तुमचा बिंदू 27 सेकंदांवरून 21-22 वर येईल, 0.5 आला तर 38-39 वर जाईल. मग तोच तुमच्या गाडीचा आकडा.